गुरुवारचे युनिट कुठे जातात? : दूरच्या सौर प्रकल्पाची वीज आणि कारखान्याचं बिल

चाकणजवळच्या एका कारखान्याच्या ऑफिसात टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले होते. एक होता सौर कंपनीचा प्रस्ताव, गुळगुळीत कागदावर छापलेला. दुसरा मीटरमधून काढलेला लोड सर्व्हे, म्हणजे दर 15 मिनिटांना कारखान्याने किती वीज ओढली याच्या रांगाच्या रांगा. प्रस्तावात हिशोब सरळ होता : तुम्हाला महिन्याला 4 लाख युनिट लागतात, सोलापूर जिल्ह्यातल्या जमिनीवर 2 मेगावॉटचा प्रकल्प उभा करू, तो 2 लाख 40 हजार युनिट देईल, तेवढे बिलातून वजा होतील. मालक म्हणाले, "सर, साठ टक्केच घेतोय आपण. वाया जायचा प्रश्नच कुठे येतो?"

मी लोड सर्व्हेतल्या गुरुवारच्या रांगेवर बोट ठेवलं. चाकण-भोसरी पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. त्या दिवशी कारखान्यात वॉचमनचे दिवे, एखादा कॉम्प्रेसर आणि ऑफिसचा सर्व्हर, एवढंच चालू होतं. पण सूर्य काही गुरुवारची सुट्टी घेत नाही.

प्रकल्पाच्या मीटरवर दिसणारे युनिट आणि कारखान्याच्या बिलातून खरोखर कमी होणारे युनिट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधल्या अंतरातच ओपन ॲक्सेस, व्हीलिंग आणि बँकिंग हे तिन्ही शब्द बसतात. तेव्हा एका युनिटचा सोलापूरपासून चाकणपर्यंतचा प्रवास पाहू.

आधी एक गोष्ट. सोलापुरात तयार झालेली वीज चाकणच्या त्याच कारखान्यात पोहोचते असं कुणी दाखवू शकत नाही. ती तिथल्या तारांत मिसळते आणि जवळच्या मागणीत खपून जाते. कालव्यासारखं समजा. वरच्या अंगाला तुम्ही कालव्यात पाणी सोडलं आणि खालच्या अंगाला तुमच्या शेताच्या दारातून पाणी घेतलं. पाणी तेच असेल असं नाही, पण किती सोडलं आणि किती घेतलं याची नोंद राहते. इथे नोंद ठेवणारे दोन मीटर असतात : एक प्रकल्पाकडे, एक कारखान्याकडे. दोन्ही दर 15 मिनिटांना आकडा लिहितात, म्हणजे दिवसाला 96 नोंदी. दुसऱ्याच्या कालव्यातून असं आपलं पाणी नेण्याचा जो हक्क, तोच ओपन ॲक्सेस. 2003 च्या विद्युत कायद्याने तो दिला. 2022 च्या हरित ऊर्जा ओपन ॲक्सेस नियमांनी हरित विजेसाठी त्याची अट 1 मेगावॉटवरून 100 किलोवॉटवर आणली, आणि स्वतःच्या म्हणजे कॅप्टिव्ह प्रकल्पातून वीज घेणाऱ्याला ती खालची मर्यादाही ठेवली नाही.

कालवा फुकट मिळत नाही. त्याचं मोल दोन प्रकारे द्यावं लागतं.

पहिला प्रकार गळतीचा. तारा तापतात, ट्रान्सफॉर्मर तापतात, वाटेत वीज कमी होते. ही घट पैशात घेत नाहीत, युनिटमध्येच कापतात. समजायला सोपं म्हणून मोठ्या टॉवरच्या पारेषण जाळ्यातली घट 3 टक्के आणि गावागावांत वीज वाटणाऱ्या वितरण जाळ्यातली 7 टक्के धरू. शंभर युनिट निघाले की आधी 97 उरतात आणि त्यांचे 7 टक्के गेले की 90 च्या आसपास. प्रत्यक्षातले आकडे राज्याचं वीज नियामक आयोग ठरवून देतं आणि ते तुम्ही कोणत्या व्होल्टेजला जोडलेले आहात यावर बदलतात. कारखाना जितक्या वरच्या व्होल्टेजला, तितकी घट कमी. आमच्या कारखान्याचं 22 केव्हीचं कनेक्शन होतं. तिथली घट 33 केव्हीपेक्षा जास्त असते, हे प्रस्तावात कुठेच आलं नव्हतं.

दुसरा प्रकार भाड्याचा. वितरण कंपनीच्या तारा वापरल्याचं भाडं म्हणजे व्हीलिंग आकार आणि पारेषण कंपनीच्या तारांचं भाडं म्हणजे पारेषण आकार. दोन्ही लागतात की एकच, हे प्रकल्प आणि कारखाना कोणत्या जाळ्याला जोडलेत त्यावर ठरतं. म्हणून प्रस्ताव आला की मी आधी एकरेषीय आकृती मागतो, म्हणजे प्रकल्पापासून कारखान्यापर्यंत कोणतं उपकेंद्र कोणत्या व्होल्टेजला येतं याचं चित्र. ते चित्र नसेल तर भाड्याचा आकडा अंदाजाचाच असतो.

महाराष्ट्रातल्या उच्च दाबाच्या बिलात ऊर्जा आकार आणि व्हीलिंग आकार वेगवेगळ्या ओळींत छापलेले असतात. त्यामुळे घोळ होतो. कुणी फक्त ऊर्जा आकाराशी तुलना करतं आणि बचत कमी दिसते, कुणी दोन्हींशी तुलना करतं पण ओपन ॲक्सेसच्या विजेवर व्हीलिंग पुन्हा द्यायचं आहे हे विसरतं आणि बचत फुगते. डावीकडे महावितरणच्या युनिटची पूर्ण किंमत आणि उजवीकडे सौर युनिटची कारखान्याच्या दारातली पूर्ण किंमत, अशीच तुलना मांडायला हवी.

ती मांडून पाहू. प्रकल्पाच्या दारात युनिट 3 रुपये 50 पैशांना पडतं असं धरू. शंभरातले 90 पोहोचतात, म्हणून पोहोचलेलं युनिट झालं 3 रुपये 89 पैशांचं. पारेषण आणि व्हीलिंग मिळून 1 रुपया 20 पैसे धरले तर 5 रुपये 9 पैसे. दिवसा महावितरणचं युनिट सगळं मिळून 7 रुपये 50 पैशांना पडतं असं धरलं, तर एका युनिटमागे 2 रुपये 41 पैसे सुटतात. हे दर मी उदाहरणासाठी गोल घेतलेत, तुमच्या बिलावरचे आकडे घालून हीच बेरीज करायची. "दिवसा" हा शब्द मी मुद्दाम लिहिला. जून 2023 मध्ये केंद्राने नियम केला की सौर तासांतला दर नेहमीच्या दरापेक्षा किमान 20 टक्के कमी असावा आणि उद्योगांना सर्वाधिक मागणीच्या तासांत किमान 20 टक्के जादा. म्हणजे तुमचा सौर प्रकल्प महावितरणच्या सगळ्यात स्वस्त युनिटची जागा घेतो. वर्षाचं बिल भागिले वर्षाचे युनिट असा सरासरी दर धरून जो बचत दाखवतो, तो संध्याकाळच्या महाग विजेची बचत तुम्हाला दिवसा दाखवत असतो.

आणि डिमांड आकार, म्हणजे युनिटवर नाही तर मंजूर करून घेतलेल्या कमाल भारावर लागणारा आकार, तसाच राहतो. रात्री आणि ढगाळ दिवशी कारखान्याला पूर्ण वीज महावितरणकडूनच लागते, त्यामुळे हा मंजूर भार, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट डिमांड, कमी करता येत नाही. बिलाचा तो भाग बचतीच्या हिशोबातून आधीच बाजूला काढावा.

आता बँकिंगकडे येऊ, कारण आमचा प्रस्ताव इथेच अडला.

एखाद्या 15 मिनिटांत प्रकल्पाची पोहोचलेली वीज कारखान्याच्या वापरापेक्षा जास्त असली तर वरची वीज तुमच्या नावावर वितरण कंपनीकडे जमा होते. नंतर तुम्ही ती ओढता. हेच बँकिंग. नाव बँकेचं असलं तरी बचत खात्यासारखं ते चालत नाही. ठेवायला शुल्क लागतं आणि ते बहुधा जमा युनिटमधूनच काही टक्के कापून घेतात. 2022 च्या नियमांप्रमाणे खातं महिन्याचं असतं, किती जमा करता येईल याची मर्यादा कारखान्याने वितरण कंपनीकडून महिन्यात घेतलेल्या विजेच्या किमान 30 टक्के अशी बांधलेली असते, आणि महिनाअखेर जे उरेल ते बुडतं. त्या बुडालेल्या युनिटांवर प्रकल्पाला अक्षय ऊर्जा प्रमाणपत्र मिळतं, पण कारखान्याच्या बिलात त्याने फरक पडत नाही. म्हणून एप्रिल-मेच्या कडक उन्हातली वीज जुलै-ऑगस्टच्या ढगांसाठी राखून ठेवता येत नाही. दिवाळीत कारखाना आठ दिवस बंद राहिला तर त्या आठवड्याची वीज त्याच महिन्यात खपली पाहिजे.

यापेक्षा कडक अट वेळेच्या गटांची असते. दिवसाचे तास बिलासाठी गटांत विभागलेले असतात, त्याला सगळे टीओडी म्हणतात. महाराष्ट्रात सौर तासांचा गट सकाळी 9 ते संध्याकाळी 5 असा आहे आणि संध्याकाळचे तास महाग गटात येतात. स्वस्त तासांत जमा केलेली वीज महाग तासांत ओढता येत नाही, हे इथलं तत्त्व आहे. वितरण कंपनीच्या बाजूने पाहिलं तर ते समजण्यासारखं आहे : दुपारी राज्यभर सौर वीज भरपूर असते, संध्याकाळी सातला नसते, आणि तेव्हा त्यांना महाग वीज घेऊन तुम्हाला द्यावी लागते. दुपारचं युनिट घेऊन संध्याकाळचं परत करणं त्यांना परवडत नाही.

हे सगळं लक्षात ठेवून गुरुवारच्या रांगेकडे परत येऊ.

कारखाना तीन पाळ्यांत चालतो. कामाच्या दिवशी 15 हजार युनिट आणि सुट्टीच्या दिवशी अडीच हजार. महिन्यात 26 कामाचे दिवस आणि 4 गुरुवार धरले की बरोबर 4 लाख. कामाच्या दिवशी 9 ते 5 मध्ये सरासरी 700 किलोवॉट भार असतो, म्हणजे त्या 8 तासांत 5,600 युनिट. गुरुवारी त्याच तासांत फक्त हजारभर.

महाराष्ट्रात वर्षाच्या सरासरीने एका किलोवॉट पॅनेलमागे दिवसाला साधारण 4 युनिट धरतात. 2 मेगावॉटला 8 हजार युनिट. घट गेली की 7,200 पोहोचतात. त्यातले 600 सकाळी लवकर आणि पाचनंतर, ते त्यांच्या त्यांच्या गटात खपतात, त्यांची काळजी नाही. उरलेले 6,600 सौर तासांतले.

कामाच्या दिवशी 6,600 आले, खपले 5,600. हजार वर राहिले. गुरुवारी 6,600 आले, खपले हजार. 5,600 वर राहिले. महिन्याचे मिळून 26 हजार आणि 22 हजार 400, म्हणजे 48 हजार 400 युनिट बँकेत. मर्यादेत ते बसतात. पण ओढायचे कधी? याच गटात ओढायचे तर कामाच्या प्रत्येक दिवशी तो गट आधीच भरलेला आहे. रात्री कारखाना जोरात चालतो, पण तिथे ही वीज न्यायची परवानगी नाही. महिना संपला की 48 हजार 400 युनिट बुडाले. महिन्याच्या वापराच्या साठ टक्केच प्रकल्प, तरी पोहोचलेल्या विजेचा पाचवा भाग गेला.

मालकांनी कॅल्क्युलेटर पुढे ओढला. "मग दीड मेगावॉट घेतला तर?"

दीड मेगावॉटचे दिवसाला 5,400 पोहोचतात, त्यातले 4,950 सौर तासांतले. कामाच्या दिवशी गरज 5,600. उलट 650 कमी पडतात. दुपारी बाराला थोडी वीज वर उरते खरी, पण सकाळी 9 आणि दुपारी 4 ला ती कमी पडते, गट तोच असल्याने दुपारची वीज तिथे भरून निघते. गुरुवारी 3,950 वर राहतात, चार गुरुवारांचे 15 हजार 800. आणि 26 दिवसांची तूट 16 हजार 900. गुरुवारची सगळी वीज कामाच्या दिवसांच्या तुटीत जाऊन बसते. बँकिंगचं शुल्क सोडलं तर बुडत काहीच नाही.

दोन्ही शेजारी ठेवल्यावर खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. 2 मेगावॉटमधून महिन्याला 1 लाख 67 हजार 600 युनिट कामी येतात आणि दीड मेगावॉटमधून 1 लाख 62 हजार. वरच्या अर्ध्या मेगावॉटमधून 54 हजार युनिट पोहोचतात, उपयोगी पडतात 5,600. पैसे मात्र करारानुसार प्रकल्पाच्या मीटरवर तयार झालेल्या प्रत्येक युनिटचे द्यायचे. वर धरलेल्याच दरांनी दीड मेगावॉटची महिन्याची बचत 3 लाख 90 हजारांच्या आसपास येते, तर 2 मेगावॉटची 2 लाख 16 हजार. मोठ्या प्रकल्पात बचत कमी.

म्हणून वर्षाच्या युनिटवरून प्रकल्पाचा आकार काढू नये. किमान बारा महिन्यांचा 15 मिनिटांचा लोड सर्व्हे घ्यावा, त्यावर प्रकल्पाचा तासातासाचा अंदाज ठेवावा आणि गटागटाने, महिन्यामहिन्याने वजाबाकी करावी. एका मोठ्या तक्त्यात हे दोन दिवसांत होतं. मी वर वर्षाची सरासरी वापरली, तक्त्यात ती चालणार नाही. मार्चमध्ये प्रकल्प सरासरीपेक्षा जास्त देईल, जुलैत कमी, आणि दर महिन्याचं खातं त्या महिन्यातच मिटतं.

एवढी खटपट करून वीज बाहेरून आणायची ती कॅप्टिव्हच का, असा प्रश्न येतो. कारण अधिभार. कारखान्याने दुसऱ्याच्या प्रकल्पाची वीज विकत घेतली तर वितरण कंपनी क्रॉस सबसिडी अधिभार लावते. उद्योगांच्या जादा दरातून शेती आणि छोट्या घरगुती ग्राहकांना मिळणारी सवलत निघते, ग्राहक बाहेर गेला की ती गळते, तिची ही भरपाई. त्यावर अतिरिक्त अधिभारही येऊ शकतो. दोन्ही मिळून वरचे 2 रुपये 41 पैसे सहज संपू शकतात. स्वतःच्या प्रकल्पातून स्वतःसाठी वीज नेणाऱ्याला कायद्यानेच क्रॉस सबसिडी अधिभारातून सूट आहे, आणि अतिरिक्त अधिभारही कॅप्टिव्ह वापरावर लागत नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्रातल्याच प्रकरणात दिला.

"स्वतःचा" म्हणजे काय, हे 2005 च्या विद्युत नियमांतल्या नियम 3 मध्ये आहे. मालकीचा किमान 26 टक्के हिस्सा वापरणाऱ्यांकडे हवा आणि वर्षभरात तयार झालेल्या विजेपैकी किमान 51 टक्के त्यांनीच वापरलेली हवी. वर्ष आर्थिक धरतात. एकच कारखाना असेल तर हे सांभाळणं फार अवघड नाही. अडचण गट प्रकल्पात येते, जिथे चार-पाच कारखाने मिळून 26 टक्के भांडवल घालतात आणि बाकीचं विकसकाचं असतं. तिथे प्रत्येकाने आपल्या हिश्श्याच्या प्रमाणात वीज वापरायची असते, फरक जास्तीत जास्त 10 टक्के. अशी खास कंपनी काढून केलेल्या प्रकल्पालाही प्रमाणाची अट लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये स्पष्ट केलं.

समजा दोन कारखाने आहेत, एकाचे 16 टक्के शेअर आणि दुसऱ्याचे 10. मग 51 पैकी पहिल्याने सुमारे 31 आणि दुसऱ्याने सुमारे 20 टक्के वापरायचे. दुसऱ्याच्या ऑर्डरी कमी झाल्या, दोन पाळ्या बंद झाल्या आणि तो 12 वर आला, तर पहिल्याने भरपूर वापरूनही प्रमाण बिघडतं. अट मोडली की त्या वर्षाची सगळी वीज साधी विक्री मानली जाते आणि अधिभार मागच्या तारखेपासून लागतो. हे कळतं वर्ष संपल्यावर. एका गटात असं घडताना मी पाहिलंय. ज्या कारखान्याचा काही दोष नव्हता त्याला मोठी रक्कम भरायची नोटीस आली, आणि करारात शेजाऱ्याच्या कमी वापराची भरपाई कोण देणार याची ओळच नव्हती. ती ओळ आधी लिहून घ्यावी, आणि ऑक्टोबरपासून दर महिन्याला सगळ्यांचे वापराचे आकडे एका तक्त्यात पाहावेत. ऑक्टोबरमध्ये कळलं तर शेअर एकमेकांत हलवून किंवा वाटप बदलून सुधारायला वेळ असतो, मार्चमध्ये नसतो.

करार झाला, प्रकल्प सुरू झाला, तरी एक काम दर महिन्याचं राहतं. प्रकल्पाच्या मीटरचं संयुक्त वाचन होतं, त्यावरून वितरण कंपनी क्रेडिट नोट काढते आणि तीवरून बिलात युनिट वजा होतात. क्रेडिट नोट उशिरा आली तर त्या महिन्याचं बिल पूर्ण दराने येतं आणि पैसे अडकतात. ती वेळेवर आली तरी त्यातले गटनिहाय युनिट तपासायचे : प्रकल्पाचे 15 मिनिटांचे आकडे, त्यातून घट, मग गटवार बेरीज. सौर तासांचे युनिट चुकून दुसऱ्या गटात पडले तर एकूण बेरीज जुळते आणि रक्कम चुकते, त्यामुळे नुसती बेरीज पाहणाऱ्याला चूक दिसत नाही.

चाकणच्या मालकांनी शेवटी दीड मेगावॉटवर सही केली. सही करण्याआधी त्यांनी उत्पादन विभागातल्या शिंदेकाकांना बोलावून विचारलं, हीट ट्रीटमेंटची भट्टी रात्रीऐवजी सकाळी दहाला पेटवता येईल का. काकांनी लोड सर्व्हे हातात घेतला आणि चष्मा लावला.